चार रविवार, चोवीस हजार

मी कोंबड्या कापते. वीस वर्षं झाली. आमच्या घरी रोज बुद्धवंदना होते, पंचशील मले तोंडपाठ आहे, आन् जीव न मारायचं पहिलं शील म्हणताना माझी जीभ जराशी अडखळते हे मी कोणापासून लपवत नाई. विहारात एकदा एक म्हातारा मले म्हणला, बाई, हा धंदा सोड. मी म्हणली, भाऊ, तुम्ही रस्सा सोडा, मी सुरी सोडते. तेव्हापासून तो मले काई बोलला नाई.

मंगळवारी मुलचेऱ्याकडच्या आठवडी बाजारात माझं दुकान लागते. पण खरी कमाई रविवारची. रविवारी दुपारी जंगलात कोंबडबाजार भरते. बंदी आहे, सगळ्याईले माहीत आहे, आन् सगळेच येतात. कोंबड्याच्या पायाले काती बांधतात, वीतभर नाई पण बोटभर लांब, वस्तऱ्यासारखी. झुंज म्हणजे कोणाले वाटते लय वेळ चालत असन. तसं नसते. दोन उड्या, तीन उड्या, आन् एकाचं पोट उघडते. कधी कधी दोघांचंही उघडते, मग आधी कोण पडला यावरून माणसं एकमेकाईच्या छातीवर बसतात. काती बांधणाऱ्या एका माणसाचं बोट माझ्या डोळ्यादेखत गेलं. त्यानं दुसऱ्या हातानं गमछा गुंडाळला आन् पुढच्या कोंबड्याले काती बांधली.

आमच्या इकडचा कायदा असा, का हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा. जिंकणारा तो अर्धमेला कोंबडा पायाले धरून माझ्याजवळ आणते. मी त्याचं उरलंसुरलं काम संपवते, सोलते, तिखट लावून शिजवते. शंभर रुपये मजुरी, मुंडी आन् पाय माझे. दारू पिऊन आलेला माणूस पाय मागू लागला तर मी सुरी पाटावर आपटते. एकाले तर मी उलथन्यानं हाणलं होतं, त्याच्या कानाले अजून खूण आहे. रागीट बाई म्हणूनच मले तिथी ओळखतात. राग नसता तर त्या गर्दीत माझी चूलही राहिली नसती.

पहिले बाजाराची जागा पोलिसाईच्या भ्यावानं बदलायची. आता नेटवर्कच्या मागं बदलते. टेकाडावर दोन काड्या येतात म्हणून सगळा बाजार टेकाडावर. मी क्यूआरचा फलक घेतला, सोबत बोलणारा डबा. कोंबडे ओरडून राह्यले, माणसं ओरडून राह्यली, आन् मधातच डबा बोलते, एकशे वीस रुपये प्राप्त झाले. फलक लावून देणाऱ्या कंपनीच्या पोट्ट्यानं मले तेव्हाच सांगतलं होतं, का बाई, माल विकाल तरच स्कॅन घ्या, स्कॅन घेऊन रोख देऊ नका, खातं बंद पडते. मी मान हलवली. मान हलवाले पैसे लागत नाई.

रोख देणं सुरू कसं झालं ते सांगते. एक दिवस एक माणूस आला, खिसा उलटा करून दाखवला आन् म्हणला, बाई, दोन हजार स्कॅन करतो, मले रोख दे. मी म्हणली, तुझ्या दोस्ताच्या नंबरवर टाक ना, मले काऊन मधात घेतो. तर तो म्हणला, हे पैसे माझ्या खात्यातले नाई, ॲपातली लिमिट आहे. बँकेनं देल्लेली उधारी. ती माणसाच्या नंबरवर जात नाई, दुकानाच्या क्यूआरवरच जाते. त्यानं फोन दाखवला. वरती त्याचं बँकेचं खातं, शिल्लक दोनशे काई रुपये. त्याच्याच खाली तसाच दुसरा चौकोन, लिमिट पंचवीस हजार. दोन्ही ठिकाणी पिन टाकायचा, दोन्ही ठिकाणी हिरवी टिकली येते. फरक दिसतच नाई.

मी म्हणली, हजाराले पन्नास कापीन. तो हो म्हणला. जुगाऱ्याले पन्नास रुपये काय, त्याचा कोंबडा तर पुढच्या झुंजीत जिंकणारच असते.

तेव्हापासून दर रविवारी चार-पाच माणसं यायची. मी एका वेळी दोन हजाराच्या वर घेत नव्हती, कारण मोठी रक्कम उधारीतून आली का कंपनी माझ्यातून काई कापते, हे मले एकदा कळलं होतं. माझ्या वहीत मी त्याले चिकन लिहायची. मले वाटे, माझी अक्कल लय चालते.

आता भावाचं. माझा धाकटा भाऊ ट्रॅक्टर चालवते, मालकाचा. हंगामात धान सरकारी खरेदी केंद्रावर पोचवते, बाकी दिवसात रेती-मुरूम. माणूस वाईट नाई. दारू पीत नाई, हे भावजय चार लोकात छाती फुगवून सांगते. पण कोंबड्याचा नाद, तो लाल कोंबडा आन् तो पांढऱ्या शेपटाचा कोंबडा, दोघाईले बदाम चारणारा हा. पोरीले कधी बदाम देल्ला नाई. मी हे त्याच्या तोंडावर म्हणली आहे.

पोरगी माझी भाची. बारावी झाली, आन् चंद्रपूरले नर्सिंगच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. पहिला हप्ता आन् होस्टेल मिळून अडतीस हजार. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली पहिली. माझ्यासोबत कोंबड्या सोलत मोठी झाली ती. पित्त न फोडता आतडं काढायची, आन् मले सांगायची, आत्या, हे काळीज, हे फुप्पुस. मी म्हणे, मले नको शिकवू, मी तुझ्याआधीपासून पाहून राह्यली. पण मनातून मले लय बरं वाटे.

तिच्या फीसाठी भावजय दोन वर्षांपासून जोडून राह्यली होती. तेंदूपत्त्याचे, मोहाचे, बोनसचे, रोवणीचे. सगळे तिनं स्वतःजवळ ठेवले, भावाले दाखवले नाई. बाईनं बरोबर केलं.

पोळ्याच्या मागंपुढं भाऊ माझ्या चुलीपाशी आला आन् म्हणला, बाई, माझीबी लिमिट मंजूर झाली. जसं काई बक्षीस लागलं. ॲप उघडलं तर वरच झळकून राह्यलं होतं, आधार टाकला, ओटीपी टाकला, फोटो काढला, पाच मिनिटात झालं. शेवटी एक पान आलं, त्यात बँक खातं निवडाचं होतं, आन् अजून एक ओटीपी. त्यानं तोबी टाकला. ते काय होतं म्हणून मी विचारलं नाई, त्यानं सांगतलं नाई. त्यालेही ठाऊक नव्हतं.

पहिल्या महिन्यात त्यानं सहा हजार उचलले. एक तारखेले बिल आलं, पाच तारखेपर्यंत भराचं. ट्रॅक्टरची मजुरी आली होती, त्यानं सहाचे सहा हजार भरले. एक रुपया वरता लागला नाई. तो मले म्हणला, पाहाय बाई, सावकार काय असं देते. फुकट आहे. आन् मीही म्हणली, हो, फुकट दिसते बा. लिमिट दहाची पंचवीस झाली. फुकटाच्या गोष्टीनंच माणूस मरते, हे आमच्या आजीचं म्हणणं, पण आजी काई त्या टेकाडावर नव्हती.

मग दिवाळीच्या आधीचे चार रविवार. लाल कोंबडा पहिल्या रविवारी जिंकला, त्यानं सगळा सत्यानाश केला. दुसऱ्या रविवारी पांढऱ्या शेपटाच्याची मांडी फाटली. भाऊ ओरडत आला, बाई, दोन हजार. पुन्हा आला, बाई, अजून दोन. त्यानं घाईघाईत पिन टाकला. डबा बोलला, मी नोटा मोजल्या, दोन हजाराचे शंभर कापले. सख्ख्या भावाचे. त्यानं एकदा म्हणून पाहिलं, माझे तरी नको कापू. मी म्हणली, धंद्यात भाऊ नाई. चार रविवारात चोवीस हजार त्यानं माझ्या फलकावर स्कॅन केले, हातात बावीस हजार आठशे गेले. बाराशे माझे. त्यातून मी नवी कढई घेतली.

नोव्हेंबरच्या एक तारखेले बिल आलं, पाच तारखेले खातं रिकामं. चोवीस हजार कुठून येतीन. मेसेज आला इंग्रजीत, त्यानं वाचला नाई. लिमिट बंद झाली. हिंदीत फोन येऊ लागले, त्यानं ते नंबर ब्लॉक करून ठेवले. त्याचा हिशोब असा का दारात कोणी आलं नाई म्हणजे घाई नाई. धानाचा हंगाम लागला का फेडीन. आमच्याकडं उधारी म्हणजे माणूस दारात येते, शिव्या देते, खाट उचलते, मग आपण काई ना काई देतो. दारात कोणी न येता पैसे जाऊ शकतात, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

आन् इकडं कॉलेजची तारीख आली. आठ डिसेंबरच्या आत पैसे ऑनलाइन भराचे. भावजयच्या साध्या फोनावर ते होत नाई, म्हणून तीन तारखेले तिनं अडतीस हजार रोख नेले आन् नवऱ्याच्या खात्यात भरले. त्याच्यासमोर. त्यानं तिले शपथ घालून सांगतलं, का पोरीच्या पैशाले मी हात लावणार नाई. ती शपथ खरी होती. मी त्याले ओळखते. त्यानं कोंबड्यापायी लिमिट उचलली तीबी याच्यासाठीच, का घरच्या पैशाले हात लागू नये. मूर्ख माणूस, पण लबाड नाई.

सहा तारखेले पोरगी बापाचा फोन घेऊन मुलचेऱ्याले ऑनलाइनच्या दुकानात गेली. खात्यात नऊ हजार आठशे ऐंशी. दुकानवाल्यानं दोनदा पाहिलं. तिनं मले फोन केला, आवाज अगदी सपाट होता, आत्या, पैसे नाई. मी हातातली कोंबडी तशीच अर्धी सोडून उठली.

बँकेत आम्ही चौघं गेलो. भाऊ, भावजय, पोरगी आन् मी. माझ्या लुगड्यावर रक्ताचे शिंतोडे होते, म्हणून रांगेतल्या लोकाईनं आपसूक जागा देल्ली. मी टेबलावर हात आपटला आन् म्हणली, साहेब, आमचे अठ्ठावीस हजार चोरी गेले. साहेब म्हणजे तरणा पोरगा होता, शांत. त्यानं खातं उघडलं आन् म्हणला, चोरी नाई बाई, मँडेट आहे.

त्यानं कागदावर लिहून दाखवलं, मी तो कागद अजून ठेवला आहे. लिमिट घेताना शेवटचा जो ओटीपी भावानं टाकला होता, तो म्हणजे परवानगी होती, का बिलाचे पैसे या खात्यातून आपोआप ओढून घ्या. पाच तारखेले पूर्ण बिल भरलं असतं तर खरंच फुकट. पण ते राहिलं, तर व्याज बिलाच्या तारखेपासून नाई, ज्या दिवशी स्कॅन केलं त्या दिवसापासून. महिन्याले शंभराले तीन. त्याचे अकराशे नव्वद. उशिराचा दंड सातशे पन्नास. दोनदा पैसे ओढाले आले, दोनदा खातं रिकामं मिळालं, त्याचे लिमिटवाल्याचे पाचशे-पाचशे. आन् आपल्या बँकेचेही वेगळे, एका वेळचे पाचशे नव्वद. ते महिनाभर उभेच होते, तीन तारखेले पैसे पडल्याबरोबर बँकेनं आपले अकराशे ऐंशी आधी कापले. बाकीचे पाच तारखेले सकाळी लिमिटवाल्यानं ओढले. दोन्ही मिळून अठ्ठावीस हजार एकशे वीस.

साहेब म्हणला, प्रत्येकाचा नियम वेगळा असते, काई जागी तर पहिल्या दिवसापासूनच व्याज लागते, सही करायच्या आधी वाचावं. मी म्हणली, कुठी सही केली यानं, बोट टेकवलं. तो म्हणला, तेच सही.

भाऊ त्या टेबलासमोर उभा होता. तो तीनदा एकच बोलला, पोरीच्या पैशाले मी हात नाई लावला, साहेब. तिसऱ्यांदा म्हणताना तो रडला. साहेबानं मान खाली घातली. मग भावाच्या फोनातलं ॲप पाहून विचारलं, हे चोवीस हजार एकाच दुकानात गेले दिसतात, चिकनच्या. एवढं चिकन?

भावजयनं माझ्याकडं पाहिलं. पोरीनंही पाहिलं. मी फलकावरचं नाव पाहिल्यासारखं केलं, तिथी फलक नव्हता. मले त्या साहेबाचा राग आला, लिमिटचा आला, भावाचा आला, स्वतःचा यायचा होता तो तेवढा आला नाई.

बाहेर आल्यावर मी म्हणली, बारा हजार मी देते. होते माझ्याजवळ. नऊ हजार आठशे ऐंशी खात्यात, बारा माझे, सोळा हजार एकशे वीस कमी. बचत गटाची बैठक दहा तारखेले, तोवर तारीख जाते. मग बसस्टँडवरूनच मी ट्रॅक्टरच्या मालकाले फोन लावला. भाऊ, म्हणली, माझ्या भावाले सोळा हजार आगाऊ द्या, हंगामभर तुमचा धान तो वाहील, कापून घ्या. मालकानं शिव्या घातल्या, मीही दोन घातल्या, आन् शेवटी तो हो म्हणला. उद्या सकाळी पैसे ने, आन् परवापासून ट्रॅक्टरवर पाहिजे, केंद्रावर रांग लागली आहे, एक दिवसही खाडा चालणार नाई. वरचे एकशे वीस रुपये माझ्या कमरेच्या पिशवीत होतेच. काम जमलं होतं. मी पोरीच्या पाठीवर थाप मारली, तुझी बॅग भर म्हणली. ती हसली. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली.

भावजय मात्र बसच्या दाराजवळ उभीच राहिली. पूर्ण रस्ता. दोन वर्षं जोडलेले पैसे चार रविवारात कोंबड्याच्या आतड्यात गेले, ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. घरी आली, चप्पल न काढता मागच्या अंगणात गेली. मले वाटलं पानी प्याले गेली. तिनं खुराड्यातून लाल कोंबडा काढला आन् दोन्ही हातानं त्याची मान पिरगाळली. मग पांढऱ्या शेपटाच्याच्या जागी आणलेला नवा काढला. वीस वर्षं मी कोंबड्या मारल्या, पण असं मारणं मी पाहिलं नाई. मान तुटल्यावरही ती पिरगाळतच राहिली. पिसं तिच्या तोंडाले चिकटली होती.

भाऊ बाहेर आला. त्यानं ते पाहिलं आन् त्याचा तोल गेला. बँकेत रडलेला माणूस, त्याच दिवशी. त्यानं तिचे केस धरले, जमिनीवर पाडलं, पोटात लाथ मारली. पुन्हा मारली. ती ओरडत नव्हती, तिनं दातानं त्याच्या पायाले धरलं. पोरगी मधात पडली तर तिले त्यानं भिंतीवर ढकललं, तिचं कपाळ फुटलं.

मी ओरडली नाई, थांब म्हणली नाई. तो थांबलाही असता. आजवर मी दोनदा नुसतं नावानं हाक मारली तर थांबला आहे तो, लहानपणापासून माझा हात त्याले माहीत आहे. पण त्या घडीले मले थांबवाचं नव्हतं, मले माराचं होतं. खरं ते हे आहे. कोपऱ्यात मुसळ होतं. मी दोन्ही हातानं उचललं आन् त्याचा हात केस धरून वर उठला होता, त्यावर हाणलं. हाड तुटल्याचा आवाज मले नवा नाई. हा आवाज मोठा होता.

तो खाली बसला. हात कोपराच्या खाली भलतीकडं वळला होता. मी तरी अजून एकदा मुसळ उचललं. पोरीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, अगदी सहज, पोराच्या हातातून काडी काढावी तसं.

तिच्या कपाळावरून रक्त डोळ्यात येऊन राह्यलं होतं, तिनं ते बाहीनं पुसलं. आधी आईजवळ गेली, पोट दाबून पाहिलं, लघवीत रक्त आलं तर सांग म्हणली. मग बापाजवळ बसली. तट्ट्याच्या दोन बांबूच्या कांब्या मोडल्या, त्यावर आपल्या ओढणीच्या घड्या घातल्या, हात आहे तसाच धरला, सरळ करू देल्ला नाई मले, आन् कोपरापासून बोटापर्यंत बांधला. बोटं दाबून विचारलं, बाबा, मुंग्या येतात का. बाप हो म्हणला तर गाठ सैल केली. हे तिले कोणी शिकवलं होतं मले ठाऊक नाई. शाळेत एखादं शिबिर झालं असन. मी बाजूले उभी होती, माझ्या हातात काई नव्हतं, आन् मले पहिल्यांदा समजलं का मी काय केलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं पट्टी पाहून विचारलं, हे कोणी बांधलं. पोरगी म्हणली, मी. डॉक्टर म्हणला, चांगलं बांधलं. दोन्ही हाडं तुटली आहेत, आत धातूची पट्टी टाकून स्क्रू लावावे लागतीन, तीन महिने हा हात वजन उचलणार नाई.

सकाळी मी एकटीच मालकाकडं गेली. त्याले आधीच कळलं होतं, गावात कळाले वेळ लागत नाई. मी त्याच्या पायरीवर बसून त्याले विनवलं, मी, जिनं आयुष्यात कोणापुढं हात जोडले नाई. म्हणली, मी येते धान भराले, पोती उचलते, माझ्या नावावर द्या. तो म्हणला, बाई, मले ड्रायव्हर पाहिजे. त्याच दिवशी दुसरा ड्रायव्हर ट्रॅक्टरवर चढला. आठ तारीख गेली. नऊ तारखेले कॉलेजातून फोन आला, का तुमची जागा पुढच्या नंबरच्या मुलीले गेली. पोरीनं हो म्हणून फोन ठेवला आन् आईले हळद-दूध देल्लं.

भावानं माझ्यावर राग धरला नाई. उलट लोकाईले सांगे, बाईनं मारलं ते बरोबरच केलं. भावजयही म्हणे, तुम्ही नसता तर मी मेली असती. सगळा गाव मले शाबासकी देऊन राह्यला होता. मलेही त्या शाबासकीत जरा बरं वाटू लागलं होतं, नाई म्हणत नाई.

एक दिवस दुपारी मी पोरीच्या कपाळाचे टाके पाहत होती. तिनं माझा हात बाजूले केला. तिचा आवाज चढला नव्हता.

"आत्या," ती म्हणली, "माराचंच होतं तर पहिल्या रविवारी माराचं होतं, बाबानं पहिले दोन हजार मागितले तेव्हा. तेव्हा तू शंभर कापून मोजून देल्ले."

ती उठून आईले जेवण वाढाले गेली.